क्रमांक कंपनीचा, जोखीम कामगाराची
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मुंबईत बांधकामावर राबणारा एक मजूर काम सुटल्यामुळे १ जानेवारीपासून गावी आहे, असे समजा. रिचार्जला पैसे नाहीत, म्हणून त्याचे सिमकार्ड पेटीत पडून राहते. नियामक प्राधिकरणाचा २०१३ सालचा नियम असा की, ९० दिवस प्रीपेड क्रमांकाचा कोणताच वापर झाला नाही आणि खात्यात २० रुपयांची शिल्लकही नसली, तर कंपनी तो बंद करू शकते. म्हणजे एप्रिलच्या आरंभी त्याचा क्रमांक तुटतो. तो परत मिळवण्यास पंधरा दिवसांची सवलत असते. त्यानंतर, बंद झाल्यापासून ९० दिवस उलटले की, तोच क्रमांक जूनअखेरीस दुसऱ्या ग्राहकाला विकला जाऊ शकतो. हा क्रम प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरही मांडला होता.

परंतु बँकेच्या दप्तरी जुनाच क्रमांक असतो. मजुराच्या खात्याचे सांकेतिक आकडे आता परक्याच्या हाती जातात. एवढ्याने पैसे निघत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. यूपीआय ॲप क्रमांकावरून बँकेतील खाते शोधून काढते, पण नवा पिन ठरवण्यास डेबिट कार्डाचे अखेरचे सहा आकडे आणि मुदत, किंवा आधारची माहिती लागते. हा तपशील फुटला असेल, तर मात्र अखेरचे कुलूप त्या परक्याच्याच हाती असते. आणि चोरी झाली नाही तरी मजुराचे नुकसान टळत नाही. आकडा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढायची झाली तरी तो अडतो. क्रमांक घेणारा नवा माणूसही बहुधा गरीबच असतो. दुसऱ्याच्या कर्जवसुलीचे दूरध्वनी त्याला छळतात.

यावर उपाय आहे. बंद झालेल्या क्रमांकांची यादी दूरसंचार विभागाच्या व्यवस्थेतून बँकांना मिळते. ती पाहून आपली दप्तरे तपासावीत आणि खातरजमा करूनच क्रमांक बदलावा, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना बजावले व त्यासाठी ३१ मार्च २०२५ ची मुदत दिली. आपल्या गावच्या शाखेत हे घडते काय, हे विचारणे आपले काम आहे.

वस्तीत गेलात की एक गोष्ट विचारा : बँकेचे संदेश येणे थांबले आहे काय? थांबले असेल, तर पासबुक व ओळखपत्र घेऊन त्या माणसाबरोबर शाखेत जा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. क्रमांक सोडायचाच असेल, तर तो चालू असतानाच बँक, आधार आणि निधीच्या नोंदी आधी बदलून घ्या.

सार्वजनिक संपत्ती असलेला क्रमांक कंपनी दोनदा विकते आणि त्याची जोखीम मात्र दोन गरिबांच्या माथी मारते. हा व्यवहार आपण मुकाट्याने मान्य करता कामा नये.