खेळत्या भांडवलाचा अर्ज



आम्ही दोघे नवरा-बायको. आमचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. गावातच कांडप यंत्र आहे. मसाला पाकिटात भरतो आणि आसपासच्या बाजारांत दुकानदारांना देतो. बँकेतून आम्हाला जादा पैसे हवे होते. त्यासाठी आम्ही मॅनेजरसाहेबांना दोन पत्रे लिहिली. पहिले पत्र फुकट गेले. दुसऱ्याने काम झाले. दोन्ही पत्रांत काय फरक होता, तेवढेच आज तुम्हाला सांगणार आहोत.

बँकेने आमच्या धंद्याला २,००,००० रुपयांची मर्यादा दिली होती. अशा खात्याला कॅश क्रेडिट म्हणतात. हे कर्ज एकदम हातात मिळत नाही. लागेल तसे पैसे काढायचे आणि विक्रीचे आले की परत भरायचे. जेवढे काढले तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांचे व्याज लागते. मर्यादेच्या वर मात्र काढता येत नाही.

लाल मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर येते. आम्ही ब्याडगी मिरची घेतो. त्या वर्षी मार्चमध्ये आमची मर्यादा संपली आणि मिरची तर हवी होती. शेवटी ६०० किलो मिरची अडत्याकडून चार महिन्यांच्या उधारीवर घेतली. रोखीचा भाव २०० रुपये किलो होता. उधारीत २२० पडला. म्हणजे १२,००० रुपये जादा गेले. हेच १,२०,००० रुपये बँकेतून चार महिन्यांसाठी मिळाले असते, तर शेकडा ११ दराने व्याज ४,४०० रुपये झाले असते. ७,६०० रुपयांचा फटका बसला. तो आमच्या जिवाला फार लागला.

त्याच रागात आम्ही पहिले पत्र लिहिले. "महागाई फार वाढली आहे. गरिबाला मदत करावी. मर्यादा ६,००,००० करून द्यावी." झाले पत्र! आठ दिवसांनी साहेबांनी बोलावले. समोर आमच्या खात्याचा उतारा होता.

साहेब म्हणाले, "सहा लाखच का? चार का नाहीत, आठ का नाहीत?"

आम्ही गप्प. आकडा आम्ही अंदाजाने टाकला होता.

"बरं, वर्षाची विक्री किती?"

आम्ही म्हटलं, "पंधरा लाख."

"मग खात्यात वर्षभरात सहाच लाख जमा कसे? बाकीचे नऊ लाख कुठं गेले?"

आता काय सांगावं? कुठं गेले नव्हते. बाजारात रोख मिळायची, ती पिशवीत यायची. त्यातूनच मजुरी द्यायची, लसूण-खोबरे घ्यायचे, घरखर्च भागवायचा. बँकेला ते पैसे दिसतच नव्हते. बँकेच्या लेखी आमचा धंदा सहा लाखांचाच होता.

साहेबांनी बोट आणखी एका नोंदीवर ठेवले. "हे ६०,००० रुपये एकदम काढलेत. कशाला?"

"दुसरं कांडप यंत्र घेतलं, साहेब."

"इथंच चुकलं. मिरचीत घातलेला पैसा तीन महिन्यांत परत येतो. यंत्रात घातलेला पैसा परत यायला चार-पाच वर्षं लागतात. हे खेळतं भांडवल आहे. ते तुम्ही यंत्रात बसवून ठेवलंत, म्हणून मिरचीच्या वेळी तुमचा हात आखडला. यंत्राला मुदतीचं वेगळं कर्ज असतं."

आम्ही घरी आलो. रात्री वही काढली आणि पहिल्यांदा नीट विचार केला. आमची मर्यादा खरोखर अपुरी होती का, की आमचाच पैसा कुठे अडकला होता? दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. यंत्रात ६०,००० अडकले होते. दोन दुकानदारांकडे ३५,००० रुपये सहा-सहा महिने थकले होते. हे अडकलेले पैसे मोकळे न करता मर्यादा वाढवली असती, तर वाढलेली मर्यादाही तशीच अडकली असती. वर व्याज वाढले असते ते वेगळेच.

मग एप्रिलपासून तीन कामे केली. बाजाराची रोकड दुसऱ्या दिवशी खात्यात भरायची आणि खर्चाला लागेल ती खात्यातूनच काढायची, असे ठरवले. नफ्यातून दरमहा ७,५०० रुपये बाजूला काढून खात्यात भरले. आठ महिन्यांत यंत्राचे ६०,००० भरून निघाले. थकलेल्या दुकानदारांकडे खेटे घातले. २०,००० वसूल झाले. उरलेले १५,००० एकाच दुकानदाराकडे आहेत. त्याला उधार देणे बंद केले.

आता राहिला प्रश्न : मागायचे किती? तो हिशेब साहेबांनीच समजावून दिला.

पैसा धंद्यातून फिरून परत यायला किती दिवस लागतात, ते आधी पाहायचे. मोसमात आम्ही मिरची जास्त भरतो, एरवी थोडी थोडी घेतो. वर्षाची सरासरी काढली, तर मिरची दीड महिना कोठीत राहते. कांडणे, मसाला करणे, पाकिटे भरून गाडीत घालणे यांत अर्धा महिना जातो. दुकानदार एक महिन्याने पैसे देतात. एकूण तीन महिने. म्हणजे तोच पैसा वर्षातून चार वेळा फिरतो. मग वर्षाच्या विक्रीचा चौथा हिस्सा हाताशी असला की धंदा चालतो.

हा हिशेब आमच्या एकट्याचा नाही. रिझर्व्ह बँकेने १९९१ साली नायक समिती नेमली होती. लहान उद्योगांना खेळते भांडवल कसे द्यावे, हे तिने ठरवून दिले. येत्या वर्षाची जी विक्री होईल, तिच्या शेकडा २५ एवढे भांडवल लागते असे धरायचे. त्यातले २० बँकेने द्यायचे आणि ५ मालकाने स्वतःचे घालायचे. ज्याचा पैसा तीन महिन्यांहून उशिरा फिरतो, त्याला जास्त लागते. त्याने तसा हिशेब मांडून दाखवावा.

येत्या वर्षाची विक्री आम्ही १८,००,००० धरली. हाही आकडा हवेतला नाही. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत ११,४०,००० विक्री झाली होती. याच चालीने वर्षाचे १७,१०,००० होतात. बिले समोर होती. २५,००,००० लिहिले असते, तर साहेबांनी पुरावा मागितला असता आणि तो आमच्याकडे नव्हता.

मग डिसेंबरात दुसरे पत्र लिहिले. मिरचीला अजून दोन महिने होते. मोसम डोक्यावर आल्यावर अर्ज दिला, तर मंजुरी येईपर्यंत भाव चढतो. ते पत्र आता वाचून दाखवतो.

"मा. शाखाधिकारी साहेब यांस,

विषय : कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या शाखेत आमच्या मसाला उद्योगाचे कॅश क्रेडिट खाते आहे. सध्याची मर्यादा २,००,००० रुपये आहे. ती ३,६०,००० रुपये करून मिळावी, अशी विनंती आहे.

गेल्या वर्षी आमची विक्री १५,००,००० रुपये झाली. यंदा एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत ११,४०,००० रुपये झाली. त्यांपैकी १०,६०,००० रुपये आपल्या शाखेतील खात्यात जमा आहेत. येत्या वर्षी १८,००,००० रुपये विक्री होईल असा अंदाज आहे.

आमचा पैसा तीन महिन्यांनी फिरून येतो. म्हणून ४,५०,००० रुपये खेळते भांडवल लागेल. त्यांपैकी ९०,००० रुपये आमचे स्वतःचे आहेत. ते मालाच्या रूपाने धंद्यात आहेत. उरलेले ३,६०,००० रुपये बँकेकडून मिळावेत.

वाढीव रक्कम मिरची व इतर कच्चा माल घेण्यासाठीच वापरू. पूर्वी या खात्यातून यंत्रासाठी ६०,००० रुपये काढले होते. ती रक्कम नफ्यातून भरून काढली आहे. दरमहा मालाचे व येण्याचे पत्रक वेळेवर देऊ.

सोबत विक्रीचा महिनावार तक्ता, येणे-देण्याची यादी, दोन वर्षांचे हिशेब व आयकर विवरण, उद्यम नोंदणी आणि अन्न परवान्याची प्रत जोडली आहे. नवा माल फेब्रुवारीत बाजारात येतो. तोपर्यंत निर्णय व्हावा, ही विनंती.

आपले विश्वासू"

खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. पत्राच्या दोन प्रती नेल्या. एक बँकेत दिली. दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घेतला. ही पोच. बँकेने ती द्यायचीच असते. तिच्यावरून अर्ज किती दिवस पडून आहे ते सांगता येते.

यंत्राची चूक आम्ही आपण होऊन का लिहिली? बँकेच्या उताऱ्यात ती होतीच. लपवून काय उपयोग? आधी सांगितली, म्हणून ती कशी भरून काढली तेही सांगता आले.

साहेब एक दिवस येऊन कोठी पाहून गेले. पोती मोजली, बिले चाळली. जानेवारीच्या शेवटी मर्यादा ३,६०,००० झाली.

पण मंडळी, मर्यादा वाढली म्हणजे सगळे ३,६०,००० कधीही काढता येतात असे नाही. त्यामागे माल लागतो. मे महिन्यात आमच्याकडे ३,२०,००० रुपयांचा माल होता. दुकानदारांकडून १,६०,००० येणे होते. एकूण ४,८०,०००. खोबरेवाल्याचे ४०,००० देणे होते, ते वजा केले. राहिले ४,४०,०००. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे १,१०,०००, आमचा धरतात. उरले ३,३०,०००. तेवढेच त्या महिन्यात काढता आले. थकलेले १५,००० यात धरलेच नाहीत. आमच्या बँकेत तीन महिन्यांवरची उधारी मोजत नाहीत. चौथ्या हिश्श्याचे हे प्रमाण बँकेबँकेत वेगळे असते. ते विचारून घ्यावे.

पत्रकात माल फुगवून लिहायचा मोह होतो. एकाने आम्हाला तसे सुचवलेही होते. पण साहेब पोती मोजायला कधीही येऊ शकतात. नसलेल्या मालावर काढलेला पैसा आणायचा कुठून? अशी मर्यादा एकदा भरली की खाली येत नाही. मर्यादेच्या वर गेलेले खाते सलग ९० दिवस खाली आले नाही, तर बँक ते थकीत धरते. मग नवे कर्ज मिळणे कठीण.

त्या मार्चला आम्ही मिरची रोखीने घेतली. अडत्याने विचारले, "यंदा उधारी नको का?"

आम्ही म्हटलं, "नको. यंदा भाव सांगा."