दोषाची वाटणी : तंबाखूच्या खटल्यांचा अर्धशतकाचा प्रवास
(संस्थेच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाची संहिता)



आमच्या कर्करोग विभागात नवा रुग्ण आला की त्याच्या केसपेपरवर आम्ही एक प्रश्न लिहितो : तंबाखूचे सेवन किती वर्षे? उत्तर रुग्ण देतो, पण त्या क्षणी बहुधा मान खाली घालतो. शेजारी उभी असलेली पत्नी किंवा मुलगा हळूच म्हणतो, "आम्ही किती वेळा सांगितलं, ऐकलंच नाही." त्या एका वाक्यात निकाल लागलेला असतो. आरोपी ठरलेला असतो आणि तो खाटेवर बसलेला असतो.

हा निकाल न्याय्य आहे काय, हा प्रश्न अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या न्यायालयांपुढे पन्नासहून अधिक वर्षे चालला. आज त्यांतील दोन खटल्यांची हकीकत आम्ही आपल्यापुढे ठेवू इच्छितो. पहिल्यात एका ज्यूरीने दोषाची टक्केवारी ठरविली, आणि दुसऱ्यात एका न्यायाधीशाने. दोन्हींत आकडे तेच होते, ऐंशी आणि वीस. फक्त त्यांनी आपापल्या जागा बदलल्या होत्या. त्या कशा बदलल्या, हाच आजचा विषय.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे मोठे अभ्यास 1950 मध्ये इंग्लंड व अमेरिकेत प्रसिद्ध झाले. 1953 च्या डिसेंबरात अमेरिकेतील प्रमुख सिगारेट कंपन्यांचे अधिकारी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात एकत्र जमले, आणि 4 जानेवारी 1954 रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांचे एक निवेदन झळकले. आपला माल आरोग्यास अपायकारक नाही असा आमचा विश्वास आहे, लोकांचे आरोग्य हीच आमची प्रथम जबाबदारी आहे, आणि संशोधनास आम्ही साहाय्य करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी आजारी धूम्रपींचे दावे न्यायालयात येऊ लागले. पुढील तीन दशके एकाही दाव्यात कंपन्यांना पैसे द्यावे लागले नाहीत.

असे का व्हावे? कंपन्यांच्या बचावाला दोन तोंडे होती. वृत्तपत्रांत त्या म्हणत, सिगारेटने रोग होतो हे सिद्ध झालेले नाही. न्यायालयात त्या म्हणत, सिगारेट वाईट हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; ठाऊक असून ओढली, तर दोष ओढणाऱ्याचा. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पण ती वेगवेगळ्या जागी उच्चारली जात, आणि त्यांची गाठ घालून देणारा पुरावा कंपन्यांच्या कपाटांत बंद होता. 1966 पासून अमेरिकेत प्रत्येक पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले. हा इशारा ग्राहकाच्या रक्षणासाठी होता. न्यायालयात मात्र तो कंपन्यांचीच ढाल झाला.

पहिला खटला न्यू जर्सी राज्यातला, सिपोलोन खटला म्हणून ओळखला जाणारा. या बाईंनी 1942 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, चेस्टरफील्ड सिगारेट ओढण्यास आरंभ केला. त्या ही सिगारेट ओढत असतानाच्या काळात तिने नाक-घशास अपाय होत नाही अशा जाहिराती आल्या. पुढे त्याच लिगेट कंपनीची फिल्टर लावलेली एल अँड एम सिगारेट निघाली आणि डॉक्टरांनी सांगावी तशीच ही वस्तू आहे, असे तिच्या जाहिरातीने सुचविले. बाईंनी 1955 साली ती धरली. सोडण्याचा प्रयत्न करावा, जमू नये, आणि अधिक सौम्य म्हणून विकली जाणारी सिगारेट घ्यावी, असे चालले. 1981 साली फुप्फुसाचा कर्करोग आढळला. 1983 साली त्यांनी दावा लावला आणि 1984 साली त्या निवर्तल्या. पतीने दावा पुढे चालविला.

1988 च्या जूनमध्ये ज्यूरीने निकाल दिला. 1966 पूर्वी लिगेट कंपनीने धोक्याचा इशारा द्यावयास हवा होता, तो दिला नाही, हे ज्यूरीने मान्य केले. परंतु दोषाची वाटणी करताना वीस टक्के कंपनीकडे आणि ऐंशी टक्के त्या मृत स्त्रीकडे दिले. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार ज्याचा स्वतःचा दोष निम्म्याहून अधिक, त्याला भरपाई नाही. म्हणजे कंपनीच्या वीस टक्क्यांची किंमत शून्य झाली. जाहिरातींतून दिलेली हमी खोटी ठरली, एवढ्यावरून पतीला चार लाख डॉलर मंजूर झाले. सिगारेट कंपनीविरुद्ध भरपाईचा हुकूम होण्याचा हा पहिलाच प्रसंग. पण 1990 मध्ये अपिलात तोही रद्द झाला. 1992 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की पुरेसा इशारा दिला नाही अशी तक्रार 1969 च्या कायद्यानंतरच्या काळासाठी करता येणार नाही. मात्र खोटी हमी, फसवणूक आणि संगनमत यांबद्दल दाद मागता येईल. तोवर पतीही निवर्तले होते, आणि खर्च न झेपल्याने त्याच वर्षी दावा सोडून देण्यात आला. त्या कुटुंबाला एक डॉलरही मिळाला नाही.

तथापि हा पराभव निष्फळ नव्हता. 'फसवणूक' आणि 'संगनमत' ही दोन दारे उघडी राहिली होती. त्यांतून आत जाण्यास हवी होती ती कागदपत्रे, आणि ती 1994 मध्ये बाहेर येऊ लागली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले की निकोटिनचे व्यसन जडते असे आम्हांस वाटत नाही. पुढच्याच महिन्यात ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीची गुप्त कागदपत्रे एका अनामिकाने टपालाने एका प्राध्यापकाकडे पाठविली. त्यांत कंपनीच्याच वकिलाने 1963 साली लिहिलेले एक टिपण होते : निकोटिन व्यसन लावते, आणि ते विकणे हाच आपला धंदा आहे, असा त्याचा अर्थ. एकतीस वर्षे हे कंपनीला ठाऊक होते.

त्याच मे महिन्यात मिसिसिपी राज्याने एक नवा डाव टाकला. गरिबांच्या औषधोपचारांवर राज्याचा जो खर्च धूम्रपानामुळे होतो, तो कंपन्यांनी भरून द्यावा असा दावा राज्याने स्वतःच्या नावे लावला. त्यातील युक्तिवाद साधा होता : राज्याने कधी सिगारेट ओढलेली नाही. ज्या ढालीमागे कंपन्या चाळीस वर्षे उभ्या होत्या, ती येथे निरुपयोगी ठरली, कारण दावेदाराला दोष देण्यास जागाच नव्हती. इतर राज्ये पाठोपाठ आली. मिनेसोटाच्या खटल्यात कोट्यवधी पानांची अंतर्गत कागदपत्रे कंपन्यांना उघड करावी लागली. 1998 च्या नोव्हेंबरात सेहेचाळीस राज्यांशी तडजोड झाली. पंचवीस वर्षांत सुमारे 206 अब्ज डॉलर देण्याचे कंपन्यांनी मान्य केले. येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ही रक्कम राज्यांच्या तिजोरीत गेली, रुग्णांच्या घरी नाही. पण कागदपत्रे सर्वांना खुली झाली, आणि पुढील प्रत्येक न्यायालयापुढे ती साक्षीदार म्हणून उभी राहिली. 2006 च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सोळाशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात, संघटित गुन्हेगारीसाठी केलेल्या कायद्याखाली, कंपन्यांनी पन्नास वर्षे संगनमताने जनतेची फसवणूक केल्याचे नोंदविले.

आता दुसरा खटला. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात 1998 साली तीन कंपन्यांविरुद्ध सामुदायिक दावे दाखल झाले. प्रत्येक रुग्णाने वेगळे येऊन आपला रोग सिगारेटनेच झाला हे सिद्ध करावे, असा कंपन्यांचा आग्रह होता. लाखभर रुग्णांच्या बाबतीत त्याचा अर्थ न्याय नाकारणे असाच झाला असता. न्यायालयाने रोगविज्ञानाच्या आधारे एक मोजमाप स्वीकारले : ज्याने 87,600 सिगारेटी ओढल्या, म्हणजे रोज वीसचे एक पाकीट याप्रमाणे बारा वर्षे, त्याच्या फुप्फुसाच्या वा घशाच्या कर्करोगाचे कारण सिगारेट मानावे. आम्ही केसपेपरवर जी वर्षे लिहितो, तीच येथे पुराव्याची पट्टी झाली.

जून 2015 मध्ये न्यायाधीश ब्रायन रिओर्डन यांनी निकाल दिला. रुग्णाचा दोष त्यांनी पूर्णतः पुसला नाही. 1980 पर्यंत धूम्रपानाने हे रोग होतात हे लोकांना कळले होते, असे त्यांनी धरले. पण व्यसन जडण्यास सुमारे चार वर्षे पुरतात. म्हणून 1976 पूर्वी ज्याने आरंभ केला, तो 1980 मध्ये धोका कळेतो व्यसनात अडकलेला होता. त्याच्याकडे दोष नाही. 1976 पासून पुढे आरंभ करणाऱ्याकडे वीस टक्के, कंपन्यांकडे ऐंशी. कर्करोग झालेल्या पहिल्या गटातील रुग्णास एक लाख कॅनडियन डॉलर, दुसऱ्या गटातील रुग्णास ऐंशी हजार.

न्यू जर्सीचा आकडा येथे उलटला होता. रुग्णाचे वर्तन बदलले नव्हते. त्याच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी त्याच तऱ्हेने पहिली सिगारेट पेटविली होती. बदलले ते इतकेच की, दुसऱ्या बाजूस काय ठाऊक होते हे न्यायालयास आता ठाऊक झाले होते.

हा विजय वेळेवर आला असे मात्र म्हणवत नाही. ज्या गृहस्थांच्या नावे रुग्णांचा दावा चालला, ते 2012 मध्येच वारले. 2019 मध्ये अपील न्यायालयाने निकाल मुख्यतः कायम केला, तेव्हा त्याच महिन्यात तिन्ही कंपन्यांनी धनकोंपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा आश्रय घेतला आणि वसुली थांबली. 2025 च्या मार्चमध्ये एकूण 32.5 अब्ज कॅनडियन डॉलरची योजना न्यायालयाने मंजूर केली. दाव्यापासून योजनेपर्यंत सत्तावीस वर्षे गेली होती.

मित्रहो, आमच्या केसपेपरवरील प्रश्न आम्ही पुसणार नाही. औषधाची मात्रा आणि शस्त्रक्रियेची जोखीम त्या उत्तरावर अवलंबून असते. पण त्या प्रश्नासोबत आता आम्ही आणखी एक प्रश्न विचारू लागलो आहोत : पहिल्यांदा तंबाखू हाती घेतली तेव्हा वय काय होते? उत्तर पुष्कळदा पंधरा, सोळा असे येते. ते ऐकताना शेजारच्या मुलाची नजर वडिलांकडे वळते, आणि क्षणभर का होईना, तो त्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे पाहत असतो. दोषाची वाटणी त्या नजरेपासून सुरू व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.