बीपीच्या गोळीने ‘तो’ त्रास? गोळी बंद नको, बदलून घ्या

चौलहून बोलतोय. आजचा विषय चारचौघांत ऐकण्यासारखा नाही, तेव्हा हेडफोन लावा.

आमच्या आळीतल्या एका दादांची गोष्ट सांगतो, त्यांना विचारून आणि नाव न घेता. वय ४६, नारळ-सुपारीची वाडी. बीपी निघालं १६०/१००. अटेनोलॉल ५० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ अशी एकत्र गोळी सुरू झाली. बीपी उतरलं, पण दोन महिन्यांत संबंधाच्या वेळी ताठरता टिकेना. बोलणार कोणाशी? त्यांनी गुपचूप गोळीच बंद केली. त्रास कमी झाला खरा, पण पंधरा दिवसांनी डोकं ठणकायला लागलं. मोजलं तर बीपी १८०/११०!

आता हे होतं कशामुळे? ताठरतेसाठी लिंगात भराभर रक्त भरावं लागतं. वाढलेलं बीपी रक्तवाहिन्याच कडक करतं, म्हणजे मूळ आजारानेही हा त्रास होतो. त्यात दोन प्रकारच्या गोळ्या भर घालू शकतात: अटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर आणि क्लोरथॅलिडोनसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. दादांच्या गोळीत दोन्ही होत्या.

पण सगळ्यांनाच होतो असं नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन वर्षांनी क्लोरथॅलिडोनवाल्या पुरुषांपैकी साधारण १७ टक्क्यांना त्रास होता, आणि औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांना. भीतीचाही वाटा असतो. २००३ मध्ये छापून आलेल्या इटलीतल्या अभ्यासात ९६ पुरुषांना अटेनोलॉल दिलं. कोणती गोळी आहे हेच माहीत नव्हतं, त्यांच्यात ३ टक्क्यांना त्रास झाला. दुष्परिणाम आधी सांगितले होते, त्यांच्यात ३१ टक्क्यांना. गोळी तीच!

शेवटी दादा डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. गोळी थांबल्यावर त्रास कमी झाला, म्हणून संशय गोळीवर गेला. तरी डॉक्टरांनी शुगर तपासली, कारण डायबेटिसनेही हेच होतं. ईसीजी काढला. हृदयविकार नव्हता, म्हणजे बीटा ब्लॉकर हवाच असं नव्हतं. मग टेल्मिसार्टन ४० सुरू केली. हा ‘सार्टन’ गट सहसा हा त्रास देत नाही. अॅम्लोडिपिनचाही फारसा नसतो. दीड महिन्यात बीपी १३०/८४ वर आलं आणि बाकीचं गाडंही बऱ्यापैकी रुळावर आलं. प्रत्येकाचं इतकं सरळ होईलच असं नाही. वाहिन्या आधीच खराब असतील तर नुसत्या गोळीबदलाने भागत नाही.

डॉक्टर ओरडले मात्र. बीटा ब्लॉकर अचानक तोडला की हृदयाचे ठोके आणि बीपी उसळतात, छातीतही दुखू शकतं. तो त्यांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायचा. काहींना तर हृदयासाठी तो लागतोच. आणि मुलींनो, गरोदरपणात सार्टन चालत नाही, तसा विचार असेल तर आधीच सांगा.

दवाखान्यात तोंड उघडत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या: गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख, त्रास कधीपासून. दादांनीही शेवटी तेच केलं.

चला, भेटू पुढच्या भागात!