‘बस चार मिनिटांत’: हे चार येतात कुठून?

आजचा भाग छोटा आहे आणि विषय रोजचाच. स्टॉपवर उभे राहून आपण ज्या बसच्या ॲपकडे बघत असतो, त्यावरचा मिनिटांचा आकडा नेमका कुठून येतो? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडला तो बहिणीच्या एका फोनमुळे.

ती डिप्लोमाला आहे. त्या दिवशी नऊला प्रॅक्टिकलची परीक्षा होती. तिची गाडी 8:10 ची. 8:06 ला ॲप म्हणालं, ‘4 मिनिटं’. मग 3, 2, 1. 8:10 ला ‘पोचत आहे’. आणि 8:11 ला ती ओळच गायब! खाली पुढची गाडी, 8:55. तिचा फोन आला, “दादा, गाडी आलीच नाही आणि ॲप म्हणतंय गेली. काय करू?” मी म्हटलं, रिक्षा कर. दीडशे रुपये गेले. आणि गंमत म्हणजे 8:25 ला सिग्नलला तिची रिक्षा थांबली होती, तेव्हा त्याच नंबरची बस शेजारून पुढे गेली. निम्मी रिकामी.

म्हणजे बघा, ॲप दोनदा चुकलं. नसलेली गाडी दाखवली आणि असलेली लपवली.

त्या शनिवारी मी स्टँडवर गेलो आणि कंट्रोल केबिनमधल्या काकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, “त्या दिवशी नेहमीची गाडी पंक्चर झाली होती. स्पेअर गाडी लावली, पंधरा मिनिटं उशिरा सुटली. सकाळच्या गर्दीत कॉम्प्युटरवर गाडी बदलायची राहून गेली.”

सगळं कोडं या एका वाक्यात सुटतं. कसं, ते सांगतो.

बसमध्ये जीपीएसचं एक यंत्र बसवलेलं असतं. ते दर काही सेकंदांनी सिमकार्डवरून सर्व्हरला कळवतं की मी अमुक ठिकाणी आहे, माझा वेग इतका आहे. पण हे यंत्र ओळखतं फक्त गाडीला. ती गाडी आज कुठल्या मार्गावर आहे, कितव्या फेरीवर आहे, हे त्याला माहीतच नसतं. ते कुणीतरी सांगावं लागतं. म्हणजे ‘आज 8:10 च्या फेरीवर ही गाडी’ अशी जोडी सिस्टीममध्ये लावावी लागते. काही ठिकाणी हे काम कंट्रोल रूम करते, काही ठिकाणी कंडक्टरच्या तिकीट मशीनवर फेरी सुरू केली की आपोआप होतं.

आता बहिणीची सकाळ परत बघा. 8:10 ची फेरी जोडली होती पंक्चर गाडीला, आणि ती उभी डेपोत. फेरीवर धावणारी गाडीच सापडेना, तेव्हा ॲपने वेळापत्रक उचललं आणि त्यातल्या 8:10 वरून उलटी मोजणी सुरू केली. वेळ संपली, ओळ गेली. आणि जी स्पेअर गाडी खरंच धावत होती, तिचं जीपीएस चालू असूनही ती कुठल्याच फेरीला जोडलेली नव्हती. म्हणून ती ॲपवर दिसलीच नाही.

म्हणजे स्क्रीनवरचे ‘4 मिनिटं’ दोन प्रकारचे असू शकतात. एक, वेळापत्रकातून वजाबाकी करून आलेले. दोन, धावत्या गाडीच्या जागेवरून काढलेले. बऱ्याच ॲपमध्ये दोन्ही एकाच अक्षरात, शेजारीशेजारी दिसतात. फरक आपणच ओळखायचा.

ओळखायचं असं. मिनिटांच्या यादीवर थांबू नका, त्या ओळीवर टॅप करून नकाशा उघडा. नकाशावर गाडीच नसेल, तर तो आकडा वेळापत्रकाचा आहे. गाडी असेल, तर तिच्याजवळ ‘शेवटचं अपडेट’ किती जुनं आहे ते बघा. बसची लाइव्ह माहिती द्यायची एक जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, `GTFS Realtime`. तिच्या शिफारशीनुसार गाडीची जागा 90 सेकंदांपेक्षा जुनी असू नये. मी हाच नियम वापरतो. दीड मिनिटापर्यंत विश्वास ठेवायचा. पाच मिनिटं जुनं असेल, तर तो ठिपका म्हणजे गाडी मघाशी कुठे होती ते.

पण गाडी खरी असली, अपडेट ताजं असलं, तरी मिनिटं म्हणजे अंदाजच. साधा हिशोब सांगतो. गाडी 3 किलोमीटरवर आहे आणि त्या रस्त्यावरचा नेहमीचा वेग ताशी 18 किलोमीटर आहे, तर 10 मिनिटं. आमच्या मार्गावर मध्ये रेल्वे फाटक आहे. फाटक पडलं की गाडी सात मिनिटं जागेवर, आणि ॲप ती सातही मिनिटं म्हणत राहतं, ‘3 मिनिटं’. वैताग येतो, पण इथे ॲप खोटं बोलत नाहीये. गाडी उभी आहे, म्हणून आकडाही उभा आहे.

ही खूण लक्षात ठेवा. आकडा अडकलाय पण अपडेट ताजं आहे, तर गाडी खरंच कुठेतरी थांबलीये. थांबा, ती येईल. उलट, आकडा घड्याळासारखा दर मिनिटाला एकाने कमी होतोय आणि नकाशावर ठिपका हलत नाही किंवा नाहीच, तर सावध व्हा. खरी गाडी अशी शिस्तीत येत नाही. तिचे कधी पाचाचे सहा होतात, कधी पाचाचे एकदम तीन.

एक जागा मात्र अशी आहे जिथे ॲप सगळ्यात कच्चं असतं. तुमचा स्टॉप गाडी सुटते तिथून दुसरा-तिसरा असेल, तर गाडी सुटेपर्यंत ॲपकडे वेळापत्रकाशिवाय काही नसतं. ड्रायव्हर चहा पीत असेल, मागची फेरी उशिरा आली असेल, ते आकड्यात दिसेलच असं नाही. अशा वेळी त्याच गाडीची उलट दिशेची फेरी बघा. 8 ला सुटणारी गाडी 7:55 ला अजून चार किलोमीटर लांबून स्टँडकडे येत असेल, तर 8 ला ती सुटणार नाही, हे तुम्हाला ॲपच्या आधी कळेल.

आणि तक्रार करायची झाली तर ‘ॲप बेकार आहे’ एवढंच लिहू नका. मार्ग, स्टॉप, वेळ आणि जी गाडी प्रत्यक्षात आली तिचा नंबर लिहा. नंबर महत्त्वाचा, कारण चूक असते ती गाडी आणि फेरीच्या जोडीत. नंबर असेल तर केबिनमधल्या माणसाला ती जोडी तपासता येते. नसेल तर तो तरी काय शोधणार?

बहिणीचं प्रॅक्टिकल वेळेत झालं. हल्ली ती फोन करते तेव्हा पहिलं वाक्य असतं, “दादा, यादीत आहे, पण नकाशावर नाही.” मग मी म्हणतो, लगेच रिक्षा करू नकोस, आधी स्टॉपवरच्या कुणाला तरी विचार, नेहमीची गाडी गेली का. रोजच्या प्रवाशांना स्पेअर गाडीसुद्धा ओळखू येते.

आज एवढंच. तुमच्या स्टॉपवर ॲप कुठे चुकतं, ते खाली कमेंटमध्ये लिहा, गाडीच्या नंबरासकट. भेटू पुढच्या भागात!