तिच्या मराठीत चार वाक्यं



मुसलमानाची भाषा उर्दूच, असं आपल्यातही अनेकजण गृहीत धरतात. त्यामुळे लग्नानंतर बायकोच नवऱ्याची उर्दू शिकते. तिची मराठी उरते फोनवर आईशी बोलायला. उर्दू माध्यमातल्या मुलांना मी मराठी शिकवतो. भिवंडीच्या एका तरुणाची बायको बाळंतपणासाठी मंगळवेढ्याजवळ माहेरी गेली होती. तिला तिच्या मराठीत व्हॉइस नोट पाठवायची, म्हणून तो आला. त्याला मराठी जेमतेम येत होती. त्याच्यासोबत जे केलं तेच सांगतो.

तो मोबाईलवरून वाक्य घेऊन आला होता: ‘मी तुम्हावर खूप प्रेम करतो.’ उर्दूत बायकोला ‘तुम’ म्हणणं आपुलकीचं. मराठीत नवऱ्याने बायकोला ‘तुम्ही’ म्हटलं, तर त्या घरात परकं वाटेल किंवा थट्टा वाटेल. तिथे ‘तू’च हवं. आणि घरातलं प्रेम ‘प्रेम करतो’ या शब्दांत फारसं कुणी बोलत नाही. मी विचारलं, ती गेल्यापासून घरात काय बदललं? त्याने उर्दूत सांगितलं, त्यातून चार वाक्यं निघाली:

‘घरात तुझा आवाज नाही. चहा अजून दोन कपच होतो. काळजी घे. मी वाट बघतोय.’

यातली अर्धी वाट त्याची ओळखीची होती. उर्दूत ‘राह देखना’, मराठीत ‘वाट बघणे’: बांधणी एकच, क्रियापद दोन्हीकडे शेवटी. पण ओळखीचे शब्दच फसवतात. आवाज आणि चाय उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत आवाज आणि चहा पुल्लिंगी. म्हणून तो पुन्हा पुन्हा ‘तुझी आवाज’, ‘चहा होते’ म्हणायचा. यावर उपाय म्हणजे जोडी पाठ करणे. ‘आवाज’ हा शब्द सुटा म्हणायचाच नाही, ‘तुझा आवाज’ असाच म्हणायचा.

उच्चारात ‘ळ’ अडला. तो ‘कालजी’ म्हणायचा, ‘मंगलवेढा’ म्हणायचा. मी म्हटलं, ‘पहाड़’मधल्या ‘ड़’साठी जीभ जिथे वळवतोस तिथेच ठेव आणि ‘ल’ म्हण. दहा-बारा वेळा म्हटल्यावर जमलं. नसतं जमलं तरी अडलं नसतं, ‘कालजी घे’ तिला कळलंच असतं. ‘वेळ’चा ‘वेल’ झाला तर अर्थ बदलतो, तसा शब्द सरळ टाळावा. उलट ‘आवाज’मधला ‘ज’ मराठीत त्याच्या ‘ज़’च्या जवळचा, तो त्याला फुकट मिळाला.

आता लय. भाषा कच्ची असली की माणूस वाक्याची सुरुवात जोरात करतो आणि शेवटी आवाज गिळतो. मराठीत सगळं वजन शेवटच्या क्रियापदावर, तेच गेलं तर वाक्य लोंबकळतं. म्हणून सराव उलटा करायचा. आधी फक्त ‘बघतोय’. मग ‘वाट बघतोय’. मग ‘मी वाट बघतोय’. असं केलं की जीभ अनोळखीकडून ओळखीकडे जाते आणि वाक्याचा शेवट पक्का होतो. दोन वाक्यांच्या मध्ये एक पूर्ण श्वास. ‘चहा अजून’नंतर थोडं थांबायचं, ‘दोन कपच’ सावकाश. त्या ‘च’मध्येच सगळं आहे.

कागदावरून वाचू नका. वाचताना सगळे शब्द एका लांबीचे होतात, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तळहातावर चारच शब्द लिहा: आवाज, चहा, काळजी, वाट. व्हॉट्सॲपवर माइक दाबून बोट वर सरकवा, रेकॉर्डिंग लॉक होतं. मग हात मोकळा राहतो आणि पाठवण्याआधी ऐकताही येतं. ऐकताना एकच तपासा: चारही क्रियापदं स्पष्ट आली का? ‘नाही, होतो, घे, बघतोय.’ आली असतील तर पाठवा. उच्चार सुधारत बसलात तर दहाव्या वेळी शब्द बरोबर येतील आणि माणूस हरवेल. त्याने तिसरी पाठवली. तिच्यात ‘होतो’ थोडा अडखळला होता.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. चार वाक्यं चांगली म्हटली की समोरून भरभर मराठी येते. तिचा दीड मिनिटांचा निरोप आला, त्यातलं त्याला निम्मंही कळलं नाही. अशा वेळी उर्दूत पळू नये आणि समजल्याचं सोंगही करू नये. यासाठी पाचवं वाक्य आधीच तयार ठेवायचं, तेही उलटं घोकून: ‘सांग. परत सांग. हळू, परत सांग.’

त्याने तेच पाठवलं. तिने परत सांगितलं, हळू.