पट्ट्यावरची तपासणी आणि ‘बॉर्डरलाइन’ शेरा

आकुर्डीच्या एक मावशी मला परवा भेटल्या. वय ४६, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांनी त्यांना ट्रेडमिलवर चालवून इसीजी काढायला सांगितला. रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन’ लिहून आलं आणि दोन रात्री त्यांना झोप नाही. “म्हणजे ब्लॉकेज आहे का गं?” एवढंच विचारत होत्या.

मी त्यांचा कागद उघडला. इसीजीत एक टोकदार शिखर असतं आणि त्याच्यापुढे एक गोल उंचवटा. दोघांच्या मधला तुकडा म्हणजे एसटी. एरवी तो मूळ रेषेच्या पातळीवर असतो. चालताना हृदयाच्या स्नायूला पुरेसा प्राणवायू पोचला नाही, तर तो खाली उतरतो. कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे १ मिलिमीटर. तेवढा किंवा जास्त उतरला आणि सपाट राहिला किंवा पुढे आणखी घसरला, तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात. मावशींचा एसटी पाऊण चौकोन उतरला होता आणि लगेच वर चढत होता. म्हणून तो ना इकडचा, ना तिकडचा.

आता बाकीचा कागद बघू. पट्ट्याचा वेग आणि चढ दर ३ मिनिटांनी वाढतो. मावशी ७ मिनिटं चालल्या. २२० मधून वय वजा केलं की १७४ येतात, त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण १४८ ठोके. तिथपर्यंत त्या पोचल्या. छातीत दुखलं नाही, रक्तदाब पडला नाही आणि थांबल्यावर मिनिटभरात रेषा जागेवर आली. या सगळ्या दिलासा देणाऱ्या गोष्टी. चार मिनिटांत छाती भरून आली असती, तर तोच पाऊण चौकोन मी वेगळ्या नजरेनं पाहिला असता.

शिवाय बायकांमध्ये ही रेषा नळ्या मोकळ्या असूनही बऱ्याचदा खाली जाते. रक्त कमी असलं तरीही जाते. मावशींचं हिमोग्लोबिन निघालं ८.९, पाळीत अंगावरून फार जायचं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं! पण म्हणून हृदयाचा प्रश्न मिटला असं डॉक्टरांनी धरलं नाही. त्यांनी स्ट्रेस इको करायला सांगितलं. त्यात श्रमानंतर लगेच हृदयाची सोनोग्राफी करतात. रक्त कमी पोचणारी भिंत नीट आकुंचन पावत नाही, ते पडद्यावर दिसतं. मावशींच्या सगळ्या भिंती नीट हलल्या. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि पाळीसाठी बाईंच्या डॉक्टरांकडे जायचंय.

तुमच्या हातात असा कागद आला, तर नुसतं शेवटचं पान नको, सगळी पट्टी घेऊन जा. आणि बसल्या जागी छातीवर दाब आला, घाम फुटला, तर रिपोर्ट काहीही असो, १०८ ला फोन करा.