सोळा कळा, आठ तारा

सोळा कळांच्या फलकाला सोळा तारा लागत नाहीत, आठ पुरतात. चार आडव्या, चार उभ्या, आणि प्रत्येक छेदावर एक कळ. कळ दाबली म्हणजे तेथील आडवी तार उभीला जोडली जाते. उभ्या तारा एरव्ही रोधकांद्वारे शून्यावर ठेवलेल्या असतात.

पण दाबली कोणती, हे कळावे कसे? त्यासाठी आडव्या तारांना रिंग काउंटर जोडतात. त्याच्या चार टोकांपैकी एकावरच ‘एक’ असतो. प्रत्येक ठोक्यास तो पुढच्या ओळीवर सरकतो आणि चौथीनंतर पुन्हा पहिलीवर येतो. सेकंदाला १००० ठोके असले, तर फेरी ४ मिलिसेकंदांत पुरी होते. माणसाचे बोट त्यामानाने फारच मंद!

समजा, ‘८’ दाबला. टेलिफोनच्या धर्तीच्या फलकावर तो तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या स्तंभात असतो. तिसरी ओळ जागी होताच दुसऱ्या स्तंभावर ‘एक’ उमटतो, आणि तत्क्षणी ठोके थांबवावे लागतात; नाहीतर ओळ पुढे सरकून खूण हरवेल. मोजणी शून्यापासून, म्हणून ओळ १०, स्तंभ ०१. संकेत झाला १००१, म्हणजे नऊ! कारण हा संकेत जागेचा आहे, अंकाचा नव्हे. अंक तक्त्यातून काढावा लागतो. कळीचे पत्रे क्षणभर थरथरतात, यास्तव खूण सुमारे २० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच संकेत स्वीकारावा.

वीज सुरू होताना काउंटरमध्ये मुद्दाम एकच ‘एक’ भरावा. चारही शून्ये राहिली तर फलक मुका. दोन ‘एक’ शिरले तर दोन ओळी एकदम जागतात, आणि कळ कोणत्या ओळीतली हे ठरतच नाही.